प्रोसिडिंगमधल्या चार ओळी : मराठवाड्यातील ग्रंथालयांच्या कार्यवाहांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील सार्वजनिक ग्रंथालयांचे कार्यवाह, मावळते पदाधिकारी आणि सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन झाले की त्याच आवारात सतरंज्या टाकून वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची, अशी रीत आपल्याकडील कितीतरी ग्रंथालयांत आहे. एरवी निरोप धाडूनही न येणारे सभासद त्या दिवशी आलेले असतात, त्यामुळे गणपूर्तीची चिंता राहत नाही. ज्या वर्षी कार्यकारी मंडळाची मुदत संपते, त्या वर्षी पदाधिकाऱ्यांची निवडणूकही याच सभेत होते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत हार घालून मंडळी घरी जातात. या निवडणुकीची नोंद प्रोसिडिंगमध्ये कशी लिहिली जाते, एवढ्याच विषयावर मला आपणांस हे पत्र लिहायचे आहे. मी निवृत्त शिक्षक असून आमच्या तालुक्याच्या गावातील ग्रंथालयाच्या एका निवडणुकीत निवडणूक निर्णय अधिकारी होतो. त्या निवडणुकीची नोंद चार ओळींत झाली आणि त्या चार ओळींखाली माझी सही आहे. म्हणून हे लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

त्या ओळी अशा होत्या : “विषय क्रमांक ५ : नवीन पदाधिकाऱ्यांची निवड करणे. सदर विषयावर चर्चा होऊन सर्वानुमते खालीलप्रमाणे निवड करण्यात आली.” पुढे अध्यक्ष, कार्यवाह आणि कोषाध्यक्ष यांची नावे आणि शेवटी एक सूचक, एक अनुमोदक. आपल्यापैकी बहुतेकांनी अशाच ओळी लिहिल्या असतील, कारण जुन्या प्रोसिडिंगमध्ये त्या तशाच असतात आणि नवा कार्यवाह मागचे पान पाहून पुढचे पान लिहितो.

प्रत्यक्षात त्या दिवशी सभागृहात काय झाले होते ते सांगतो. आमचे ग्रंथालय १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, असे दोन्हीकडे नोंदलेले आहे. घटनेप्रमाणे मंडळाची मुदत ३ वर्षांची, पदाधिकारी थेट सर्वसाधारण सभेतून निवडायचे, आणि एका पदासाठी एकाहून अधिक उमेदवार उरले तर गुप्त मतदान घ्यायचे. वर्गणी भरलेले, म्हणजे मताचा हक्क असलेले सभासद १३१ होते आणि त्यांपैकी ६७ जणांनी हजेरीच्या पानावर सह्या केल्या होत्या. अध्यक्षपदासाठी तीन अर्ज आले, त्यांतल्या एकाने लेखी माघार घेतली आणि उरलेल्या दोघांत मतदान झाले. कार्यवाहपदासाठी एकच अर्ज होता. कोषाध्यक्षपदासाठी दोन अर्ज होते, एक जुन्या सभासदाचा आणि एक पस्तिशीतल्या तरुण सभासदाचा. माघारीची वेळ चालू असताना गावातील तीन ज्येष्ठ मंडळी त्या तरुणाला व्हरांड्यात घेऊन गेली. दहा मिनिटांनी सगळे परतले आणि त्या ज्येष्ठांपैकी एकांनी उभे राहून सांगितले, “त्यांची समजूत निघाली आहे, ते माघार घेत आहेत.” टाळ्या झाल्या. तो तरुण भिंतीला टेकून गप्प उभा होता. मी त्याला काहीही विचारले नाही आणि दुसऱ्या उमेदवाराला बिनविरोध निवडून आल्याचे घोषित केले.

एवढा सगळा प्रकार “सर्वानुमते” या एका शब्दात बसवला गेला, आणि तोही आठ दिवसांनी, कार्यवाहांच्या घरी. सभेत हजेरीच्या सह्या प्रोसिडिंगच्या कोऱ्या पानावर घेतलेल्या होत्या आणि मजकुरासाठी वर जागा सोडलेली होती.

विश्वस्त मंडळात बदल झाला की ९० दिवसांच्या आत सहायक किंवा उपधर्मादाय आयुक्तांकडे कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. १७ सप्टेंबरची निवडणूक असेल तर ही मुदत १६ डिसेंबरला पुरी होते. आम्ही वेळेत अर्ज दिला. त्यासोबत सभेची सूचना, ती पोहोचल्याचा पुरावा, प्रोसिडिंगची नक्कल, नव्या पदाधिकाऱ्यांची संमतिपत्रे आणि प्रतिज्ञापत्रे जोडली. दोन महिन्यांनी त्या तरुण सभासदाची हरकत दाखल झाली. त्यात एकच मुद्दा होता : मी माघार घेतलेली नाही, माझ्या उमेदवारीवर मतदान व्हायला हवे होते.

त्याला मी आजही दोष देत नाही. व्हरांड्यात तो “बघू” म्हणाला होता, असे त्याने सुनावणीत सांगितले, आणि त्याला नेणाऱ्या तिघांपैकी एकांनीही तेच शब्द सांगितले. दुसऱ्यांच्या मते तो “ठीक आहे” म्हणाला होता. तिसऱ्यांना नेमके आठवत नव्हते. माझ्या उलटतपासणीत हरकतदाराच्या वकिलांनी विचारले, माघार लेखी होती की तोंडी, ती कोणापुढे झाली आणि किती वाजता? या तीनही प्रश्नांना माझ्याकडे कागदाचा आधार नव्हता. त्यानंतरचा प्रश्न अधिक कठीण होता. तुमच्या प्रतिज्ञापत्रात अध्यक्षपदासाठी मतदान झाले असे म्हटले आहे आणि प्रोसिडिंगमध्ये सर्वानुमते निवड झाली असे आहे, मग यांतले खरे कोणते? खरे तर मतदानच झाले होते. पण आमच्याच कागदाने आम्हाला खोटे ठरवले, आणि ज्या अध्यक्षपदाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती त्याच्यावरही संशय आला.

तीनही पदांचा बदल एकाच अर्जात होता, त्यामुळे सगळाच अर्ज अडकला. आमच्या बँकेने सह्या बदलण्यासाठी परिशिष्ट एकची अद्ययावत नक्कल मागितली. त्या परिशिष्टात जुन्याच मंडळाची नावे होती. मावळते कोषाध्यक्ष मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले होते, आणि त्यांच्या सहीशिवाय खात्यातून पैसा निघत नव्हता. ग्रंथपालाचे मानधन आणि वृत्तपत्रविक्रेत्याचे बिल देण्यासाठी दर महिन्याला एकाने धनादेशपुस्तक घेऊन पुण्याची गाडी धरावी लागली. शेवटी हरकतदाराशी समेट झाला, कोषाध्यक्षपदाची निवडणूक पुन्हा घेतली गेली आणि प्रकरण मिटले, तोवर मंडळाची तीन वर्षांची मुदतच संपत आली होती.

यातील सर्वांत नाजूक जागा माघारीची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. माघार हा उमेदवाराचा स्वतःचा निर्णय असतो. सूचकाने, नातलगाने किंवा गावच्या ज्येष्ठांनी तो जाहीर केला तरी त्याला माघार म्हणता येत नाही. आपल्या भागात निवडणूक टाळण्यासाठी समजूत घालण्याची पद्धत आहे आणि ती वाईट आहे असे मी म्हणणार नाही, कारण छोट्या गावात पुढची तीन वर्षे त्याच माणसांनी एकमेकांसोबत काम करायचे असते. मात्र समजूत व्हरांड्यात निघाली असली तरी माघार टेबलापुढेच झाली पाहिजे. उमेदवाराने स्वतः निर्णय अधिकाऱ्यासमोर यावे, दोन ओळींच्या कागदावर सही करावी, आणि अधिकाऱ्याने त्या कागदावर मिळाल्याची वेळ टाकून आपली सही करावी. नंतर तो कागद सभेत मोठ्याने वाचून दाखवावा आणि उमेदवाराला सर्वांसमक्ष विचारावे, “हे आपले म्हणणे आहे काय?” माझ्या प्रसंगात हा एक प्रश्न मी विचारला असता तर एकतर स्पष्ट होकार आला असता, नाहीतर मतदान झाले असते, आणि दोन्ही गोष्टी संस्थेच्या भल्याच्याच होत्या.

माघारीत अट नसावी. “उपाध्यक्षपद दिल्यास माझी माघार समजावी” असा कागद मी एका शिक्षण संस्थेच्या निवडणुकीत पाहिला आहे. असा कागद स्वीकारू नये, उमेदवाराला परत देऊन विनाअट लिहून मागावा, आणि तो देत नसेल तर त्याचे नाव मतपत्रिकेवर ठेवावे. माघारीची वेळ संपल्यानंतर आलेला कागदही स्वीकारता येत नाही, मग सगळी सभा राजी असली तरी. म्हणून वेळ आधी जाहीर करायची आणि ती प्रोसिडिंगमध्ये आकड्यांत लिहायची.

आमच्या कोषाध्यक्षपदाची नोंद खरी माघार झाली असती तर कशी असायला हवी होती, ते पुढे लिहितो. नावांच्या जागी मी सभासद क्रमांक घेतले आहेत, आपण नाव आणि क्रमांक दोन्ही लिहावेत. आमच्या यादीत एकाच नाव-आडनावाचे दोन सभासद आहेत आणि प्रोसिडिंगमध्ये नुसते “देशमुख सर” लिहिलेले असेल तर दहा वर्षांनी ते कोण हे कोणालाही सांगता येत नाही.

“कोषाध्यक्षपदासाठी सकाळी ११ ते ११.३० या वेळेत दोन नामनिर्देशनपत्रे आली. पहिले सभासद क्रमांक १८ यांचे, सूचक क्रमांक ५, अनुमोदक क्रमांक ७२. दुसरे सभासद क्रमांक ९४ यांचे, सूचक क्रमांक १०१, अनुमोदक क्रमांक ३३. छाननीत दोन्ही उमेदवार, त्यांचे सूचक आणि अनुमोदक यांची वर्गणी भरलेली असल्याचे व दोन्ही अर्जांवर उमेदवारांची संमती असल्याचे आढळून आल्याने दोन्ही अर्ज वैध ठरविण्यात आले. माघारीसाठी ११.४५ ते १२ ही वेळ जाहीर करण्यात आली. सभासद क्रमांक ९४ यांनी ११.५२ वाजता स्वतः उपस्थित राहून स्वाक्षरीची लेखी माघार दिली. ती सभेत वाचून दाखविण्यात आली व त्यांनी सभेसमोर तिला दुजोरा दिला. १२ वाजता माघारीची वेळ संपली. या पदासाठी सभासद क्रमांक १८ यांचा एकच वैध अर्ज शिल्लक राहिल्याने निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी त्यांना कोषाध्यक्ष म्हणून बिनविरोध निवडून आल्याचे घोषित केले.”

वाचायला दीड मिनिट लागते आणि लिहायला दहा. यातल्या प्रत्येक वाक्याला एक कागद आधार म्हणून उभा आहे, आणि सुनावणीत विचारलेल्या तीनही प्रश्नांचे उत्तर त्यात आहे. एखादा अर्ज छाननीत बाद झाला असेल तर त्याचे कारणही याच ठिकाणी लिहावे, उदाहरणार्थ अनुमोदकाची वर्गणी थकलेली होती असे. सभेला हजर नसलेल्या व्यक्तीचे नाव कोणी सुचवले तर तिची लेखी संमती असल्याशिवाय ते वैध धरू नये.

येथे शब्दांबद्दल थोडे सांगितले पाहिजे. बिनविरोध म्हणजे एकच वैध उमेदवार उरला आणि मत टाकण्याची वेळच आली नाही. सर्वानुमते म्हणजे प्रस्ताव मताला आला आणि उपस्थित सर्वांनी त्याच्या बाजूने मत दिले. बहुमताने म्हणजे मते विभागली गेली, आणि मग किती विरुद्ध किती हे लिहिलेच पाहिजे. या तीन वेगळ्या घटना आहेत. हिशेबपत्रकाला मंजुरी देताना जो “सर्वानुमते” चालतो, तो निवडणुकीच्या विषयाखाली सवयीने लिहिला की नोंद चुकीची होते. एकमेकांत फूट पडल्याचे कागदावर दिसू नये, ही भावना मी समजू शकतो. पण पराभूत उमेदवारालाही आपल्याला २८ मते पडली होती हे कागदावर पाहण्याचा हक्क आहे, आणि माझ्या अनुभवाने तो आकडा लिहिलेला असला की माणूस तक्रारीकडे कमी वळतो.

आता मतदानाकडे येतो. आमच्या अध्यक्षपदाच्या मतदानाचे आकडे सुदैवाने माझ्या वहीत होते, आणि त्यावरूनच आम्ही पुढे ती निवड टिकवू शकलो. हजेरीवर ६७ सह्या होत्या, त्यांतले ३ जण मतदानापूर्वी निघून गेले, म्हणून ६४ मतपत्रिका दिल्या गेल्या. पेटीत ६३ निघाल्या, एक पेटीत पडलीच नाही. त्यांतल्या २ बाद ठरल्या, एकीवर दोन्ही नावांपुढे खूण होती आणि दुसरी कोरी होती. उरलेल्या ६१ वैध मतांपैकी एका उमेदवाराला ३३ आणि दुसऱ्याला २८ मते मिळाली. हा हिशेब वरून खाली आणि खालून वर जुळतो : ३३ आणि २८ मिळून ६१, त्यात बाद २ मिळवून ६३, त्यात परत न आलेली १ मिळवून ६४. प्रोसिडिंगमध्ये नुसते “३३ विरुद्ध २८” लिहिले तर कोणीही विचारील की ६७ जण हजर होते, मग उरलेली सहा मते कोठे गेली? पेटीत दिलेल्या मतपत्रिकांपेक्षा एक जरी जास्त निघाली तर मात्र तेथेच थांबावे, ती गोष्ट सभेला सांगावी आणि फेरमतदान घ्यावे. एका जास्तीच्या मताने निकाल बदलत नाही असे म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. पण मतपत्रिका बाहेरून आली असेल तर ती एकच आली, हे कोणी शपथेवर सांगू शकत नाही.

मतमोजणीच्या वेळी प्रत्येक उमेदवाराचा एक प्रतिनिधी टेबलाजवळ असावा आणि मोजणीच्या तक्त्यावर त्याची सही घ्यावी. फेरमोजणीची मागणी असेल तर ती निकाल घोषित होण्यापूर्वीच यायला हवी. म्हणून आकडे वाचून दाखवल्यावर निर्णय अधिकाऱ्याने थोडे थांबून “कोणाचा आक्षेप आहे काय?” असे विचारावे, आक्षेप असल्यास किंवा नसल्यास तसे लिहावे, आणि त्यानंतरच घोषणा करावी. घोषणा ही स्वतंत्र कृती आहे. मते मोजून झाली म्हणजे कोणी निवडून आला असे होत नाही, अधिकाऱ्याने नाव, पद आणि मते उच्चारून निकाल जाहीर करावा लागतो, आणि ती वेळही नोंदवावी लागते. कारण नव्या मंडळाची मुदत आणि बदल अर्जाचे ९० दिवस याच तारखेपासून मोजले जातात.

समान मते पडली तर काय, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. सभाध्यक्षांचे निर्णायक मत आपोआप असते असा आपल्याकडे समज आहे. ते घटनेत लिहिलेले असेल तरच असते. घटना गप्प असेल तर चिठ्ठी टाकावी, लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीतही १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने हाच मार्ग सांगितला आहे. चिठ्ठी टाकण्याचे ठरले हे दोन्ही उमेदवारांच्या संमतीसह आधी लिहून घ्यावे आणि मगच चिठ्ठी उचलावी. जो स्वतः उमेदवार आहे त्याने त्या विषयापुरते सभाध्यक्षपद सोडावे, हे तर सांगायलाही नको, तरी मावळते अध्यक्षच उमेदवार असून तेच आसनावर बसलेले मी दोनदा पाहिले आहेत.

मतपत्रिका, माघारीचे कागद आणि नामनिर्देशनपत्रे सभा संपताच एका लखोट्यात घालून, त्यावर अधिकाऱ्याची आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींची सही घेऊन लखोटा बंद करावा आणि बदल अर्जाचा निकाल लागेपर्यंत कपाटात ठेवावा. आमच्या मतपत्रिका त्याच संध्याकाळी रद्दीत गेल्या होत्या. हात वर करून मतदान घेतले असेल तर असा लखोटा नसतो, म्हणून तेथे मोजणाऱ्या दोघांची नावे आणि बाजूने, विरुद्ध व तटस्थ असे तीनही आकडे लिहिणे अधिकच गरजेचे ठरते. मात्र घटनेत गुप्त मतदान सांगितलेले असेल तर सभेने एकमताने ठरवूनही हात वर करून मतदान घेता येत नाही. त्यासाठी आधी घटना बदलावी लागते.

कार्यवाहांना माझी विनंती आहे की, निवडणुकीच्या विषयाची नोंद घरी नेऊन लिहू नये. इतर विषयांचे इतिवृत्त नंतर सावकाश लिहिले तरी चालते, पण हा भाग सभेतच लिहून, मोठ्याने वाचून, त्याखाली निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची आणि निवडून आलेल्या व पराभूत झालेल्या उमेदवारांची सही घ्यावी. हजेरीच्या सह्या कोऱ्या पानावर न घेता वेगळ्या हजेरीपत्रकावर घ्याव्यात. खाडाखोड झाली तर चुकीच्या शब्दावर एक रेघ मारून बाजूला सही करावी, पांढरा रंग लावू नये. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना फक्त ते खरे लिहिले आहे की नाही एवढेच पाहायचे असते, निवडणुकीचा विषय तेव्हा पुन्हा उघडता येत नाही, आणि राहून गेलेला आकडा त्या वेळी घुसडताही येत नाही.

मावळत्या मंडळांना एवढेच सांगणे आहे की सभेच्या सूचनेत निवडणुकीचा विषय “आयत्या वेळच्या विषयांत” ठेवू नये. कोणत्या पदांची निवडणूक आहे, अर्ज किती ते किती वाजेपर्यंत घेतले जातील, माघारीची वेळ कोणती आणि निर्णय अधिकारी कोण, हे अजेंड्यातच छापावे. मतदारयादी सभेच्या आठ दिवस आधी फलकावर लावावी, म्हणजे वर्गणी थकलेल्यांना ती भरता येईल किंवा आक्षेप घेता येईल, आणि सभेच्या दिवशी दारात वाद होणार नाही.

आमच्या ग्रंथालयाची मुदत यंदा पुन्हा संपत आहे. त्या वेळी हरकत घेणारा तो तरुण सभासद या खेपेस निवडणूक निर्णय अधिकारी व्हायला तयार झाला आहे, आणि अर्जाचे, माघारीचे व मोजणीच्या तक्त्याचे नमुने आम्ही दोघांनी बसून तयार केले आहेत. आपल्यापैकी ज्यांच्या सभा १७ सप्टेंबरला आहेत त्यांनी आपली घटना या आठवड्यात कपाटातून काढून निवडणुकीचे कलम एकदा वाचावे आणि त्यानुसार अजेंडा काढावा, ही विनंती.

आपला,
एका ग्रंथालयाचा जुना सभासद व माजी निवडणूक निर्णय अधिकारी